ऐंशीच्या पुढची घंटा

त्या दिवशी सकाळी बाबांनी दाढी दोनदा केली. एकदा उठल्यावर, आणि एकदा आईने "हनुवटीखाली राहिलीय" म्हटल्यावर. इस्त्रीचा निळा शर्ट, पॉलिश केलेले बूट, खिशात रुमाल. आई दारात उभी राहून म्हणाली, "अहो, गाडी चालवायला निघालात की फोटो काढायला?"

"लेकीच्या कंपनीत जायचंय," बाबा म्हणाले. "चार लोकांत तिचं नाक कापलं जायला नको."

"नाक राहू द्या, गाडी नीट चालवा."

"मी?" बाबांनी आईकडे असं पाहिलं, की जणू तिने माशाला पोहायला शिकवायची भाषा केली होती.

लेक किल्ल्या शोधत होती. तिने दोघांकडेही लक्ष दिलं नाही. ज्या दिवसाचं पुढे काय होणार ते ठाऊक नसतं, त्या दिवशी माणूस किल्ल्याच शोधत असतो.

ती मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होती. तिच्याकडे काम होतं गाडीच्या सूचनांचं. पट्टा लावला नाही की टण्, वेग वाढला की टण्, दार उघडं राहिलं की टण्. कुठला आवाज, किती मोठा, कुठल्या वेगाला सुरू, कुठल्या वेगाला बंद, हे ती आणि तिचे दोन सहकारी ठरवत. ऑफिसात तिला घंटाबाई म्हणत. सुरुवातीला तिला राग यायचा, मग त्या नावाने हाक मारली नाही तर ती वळेनाशी झाली.

बाबांचं गॅरेज होतं. वय झाल्यावर त्यांनी ते विकलं होतं, पण गावभर ते अजून मिस्त्रीच होते. त्यांची ख्याती कानासाठी होती. लोक गाडी चालू ठेवून त्यांच्यापुढे उभी करत, ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून दांडा कानाला लावत, डोळे मिटत, आणि म्हणत, "बेअरिंग गेलंय." दुसरा मिस्त्री खोलून बघे, मग बोले. बाबा आधी बोलत, मग खोलत.

बापलेकीच्या धंद्यात थोडी कुरबूर होतीच. घंटेला कंटाळलेले लोक बाबांकडे यायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री, ही कटकट बंद करा." कुणाला वायर कापून हवी असे, कुणाला पट्ट्याच्या खाचेत अडकवायला नुसतं बकल. बाबा जेवताना सांगत, "आज तुझ्या दोन घंटा मेल्या."

"तुम्ही मारल्यात?"

"मी नाही मारल्या तर पुढच्या चौकातला मारतो. तू लावायच्यास, मी कापायच्या. घरातल्या घरात धंदा."

पण ती हे विसरली नव्हती. आकडे ठरवताना तिच्यासमोर बाबांचं गिऱ्हाईक उभं असे. पट्ट्याची घंटा कधी वाजायला लागावी? किल्ली फिरवली की दिवा लगेच लागतो, तो मुका असतो. आवाजाचं नंतर. नियम म्हणतो, गाडी पंचवीसच्या वेगापुढे गेली, अर्धा किलोमीटर चालली किंवा मिनिटभर चालत राहिली, तर त्यापुढे गप्प बसायचं नाही. त्याआधी वाजवायला कुणाची ना नाही. काही कंपन्या किल्ली फिरवल्याबरोबर वाजवत. तिने आठवडाभर निरनिराळ्या वाहनतळांवर बसून माणसं पाहिली. गाडी दोन हात मागे घेणारे, पहारेकऱ्याला किल्ली देणारे, सावलीतून सावलीत नेणारे. यांच्या कानात घंटा वाजवली तर ते घंटेचा द्वेष करायला शिकतात, आणि द्वेष करणारा माणूस वायर कापतो. तिने आकडा पंधरावर आणला आणि मागे घेताना घंटा गप्प केली. शेजारच्या सीटचं वेगळंच दुखणं. सीट वजन ओळखते. वजनाची अट फार खाली ठेवली तर भाजीच्या पिशवीवरही घंटा वाजते, फार वर ठेवली तर आईसारखी काटकुळी बाई गाडीच्या हिशेबी बसलेलीच नसते. आई, बाजारच्या पिशव्या आणि एक वजनकाटा घेऊन ती महिनाभर झगडली होती. "मला पिशवीच्या वर ठेवलंस ना नक्की?" आई विचारायची.

वेगाच्या घंटेचे आकडे नियमाने बांधलेले होते. ऐंशीच्या पुढे दर मिनिटाला एकदा दोन ठोके, एकशेवीसच्या पुढे अखंड. पण त्यातही मेख असते. रस्त्यावर कुणी बरोब्बर ऐंशीवर चालत नाही. एकोणऐंशी, एक्क्याऐंशी, एकोणऐंशी असं झुलत राहतं. घंटा नुसत्या ऐंशीला बांधली तर ती चढावर, वळणावर वेड लागल्यासारखी टणटणत राहील. म्हणून तिने खाली दुसरी रेघ मारली होती. मिनिटाचे ठोके सोडले, तर घंटा एकदा वाजली की वेग सत्त्याहत्तरच्या खाली गेल्याशिवाय ती नव्याने वाजायला तयार होत नाही. मधल्या झुलण्याकडे ती काणाडोळा करते.

"म्हणजे तुझ्या आईसारखं," बाबा म्हणाले होते. "एकदा बोलली की थोडा वेळ शांत. मी पुरता सुधारलो की मग पुढच्या चुकीला तयार."

हे सगळं तिने त्यांना जेवताना सांगितलं होतं. कामाचं बोलायला तिला घरात एवढाच एक माणूस होता. बोलताना बाबा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत. इतकं मन लावून ऐकणारा बाप कुणाला मिळतो, असं तिला वाटे.

त्या दिवशीचं काम असं होतं. नव्या गाडीसाठी ऐंशीची घंटा बदलायची होती. जुन्या गाडीची घंटा कर्कश म्हणून बदनाम झाली होती. गॅरेजांत तिच्या वायरी कापल्या जात होत्या. विक्रीच्या मॅडमनी मऊ, बारीक, उंच पट्टीचा आवाज सुचवला होता. ऐंशीच्या पुढे चाकांचा आणि वाऱ्याचा आवाज वाढतो, त्यातून तो ऐकू येतो का, ते वेगवेगळ्या वयाच्या लोकांना बसवून बघायचं होतं. सत्तरीच्या पुढचे सहा जण लागत होते. कंपनीत अशी माणसं नेहमी घरूनच आणली जात. कुणाची आजी, कुणाचे सासरे, कुणाचा बाप. या गटातल्या एकाला जरी ऐकू आलं नाही, तरी आवाज नव्याने करायचा, असा कंपनीचा स्वतःचा दंडक होता.

फाटकावर आवाजाचं बघणारा सहकारी उभा होता. घरी सतारीच्या तारा जुळवत बसायचा, म्हणून त्याला सगळे कानसेन म्हणत. "या या मिस्त्रीकाका. आधी चहा घेऊ या की फेरी मारून?"

"हो, रस्ता मोकळाच होता," बाबा म्हणाले.

कानसेन हसला. त्याला तो म्हाताऱ्याचा विनोद वाटला. तिलाही तसंच वाटलं.

कंपनीची धावपट्टी म्हणजे माळावरचा लांबट गोल रस्ता. बाबा चालवायला बसले, शेजारी कंपनीचा ड्रायव्हर, मागे ती आणि मांडीवर यंत्र घेऊन कानसेन. नियम सोपा होता. हळूहळू वेग वाढवत न्यायचा, घंटा ऐकू आली की स्टिअरिंगवरचा हात न सोडता उजवं बोट वर करायचं. सूचनेचा दिवा काळ्या चिकटपट्टीने झाकला होता. काटा झाकता येत नव्हता. वेग बघितल्याशिवाय गाडी कशी चालवायची?

बाबा झकास चालवत होते. सरळ रस्त्यावर काटा सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी झाला. तिला मागे बसून ते दोन बारीक ठोके ऐकू आले. बाबांचं बोट वर झालं. कानसेनने यंत्रात खूण केली. पुढे वळण आलं, बाबांनी पाय सैल सोडला, काटा अठ्ठ्याहत्तरवर उतरला. वळण संपलं, काटा एक्क्याऐंशीवर गेला. अजून अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

बाबांचं बोट पुन्हा वर झालं.

गाडीत कसलाही ठोका पडला नव्हता. पडणं शक्यच नव्हतं. ती रेघ तिनेच मारली होती. कानसेन खाली मान घालून चाकांचा आवाज मोजत होता, त्याला पहिल्याच बोटाशी मतलब होता. शेजारचा ड्रायव्हर समोर बघत होता. तिने पुढच्या आरशात पाहिलं. बाबांचे डोळे काट्यावर होते.

मग तिला एकामागून एक गोष्टी कळत गेल्या, आणि कळू नयेत असं वाटत असतानाच कळत गेल्या. बोलताना तोंडाकडे टक लावून बघणं. फोन नेहमी आईच्या हातात देणं. "हो, रस्ता मोकळाच होता." आयुष्यभर पत्रा ठोकणाऱ्या, घण मारणाऱ्या माणसांचं असं होतं, हे तिला पुस्तकांतून माहीत होतं. बारीक, उंच आवाज आधी जातात. इंजिनाची जाड घरघर राहते. बेअरिंग कळतं आणि घंटा कळत नाही.

उतरल्यावर कानसेन म्हणाला, "काका, या वयात असले कान. मानलं तुम्हाला."

या खेपेस बाबांना त्याचं तोंड नीट दिसत होतं. ते खुश झाले. "कानावरच तर पोट भरलं," म्हणाले.

परतीच्या वाटेवर ती चालवत होती. बाबा शेजारी बसून रस्त्याकडे बघत होते. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "छान वाजते गं तुझी घंटा. मंजूळ."

तिच्या ओठांवर शब्द आले होते. बाबा, रविवारी कानाच्या डॉक्टरकडे जाऊ या. बाबा, मला कळलंय. बाबा, त्यात लाजण्यासारखं काय आहे. पण निळा शर्ट अजून चुरगळला नव्हता. एवढ्या आनंदावर आजच विरजण कशाला, असं तिला वाटलं. त्यांच्याकडे तोंड वळवून, त्यांना दिसेल अशा बेताने ती म्हणाली, "हो ना."

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. आईने दोनदा हाक मारली. आईला वाटलं, नेहमीचंच.

*

माणूस गेल्यानंतरचा थकवा वेगळाच असतो. रडून येतो तो झोपून जातो. हा कामांचा होता. बँकेत जा, सही कर, तीच माहिती चौथ्या खिडकीवर पुन्हा सांग. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला कसं झालं ते पहिल्यापासून सांग, आणि तो "अरेरे" म्हणेपर्यंत थांब. येणारे म्हणत, "काय कान होते हो त्यांचे." आई मान हलवी. लेक चहाचे कप गोळा करत राही.

ती कामावर परत गेली तेव्हा टेबलावर धूळ होती आणि पडद्यावर निरोप होता. ऐंशीची घंटा या आठवड्यात गोठवायची. गोठवायची म्हणजे तो आवाज पक्का करायचा. एकदा गोठला की साचे, सुटे भाग, कारखाना सगळं त्याच्यावर बांधलं जातं, मग बदल म्हणजे डोंगर हलवणं. सोबत निकाल होता. सत्तरीच्या पुढचे: सहापैकी सहा.

ती त्या ओळीकडे बघत बसली. तिच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली, जी तिला तेव्हाच सुचायला हवी होती. खरा आकडा तपासायचा म्हणून त्यांनी घंटा प्रत्येक फेरीत ऐंशीलाच वाजवली होती. आजकाल कुणाला ठाऊक नसतं, की ऐंशीला गाडी वाजते? दिवा झाकला, पण खरी चुगली काटाच करत होता. फेरीगणिक आकडा बदलायला हवा होता. कधी बाहत्तर, कधी शहाऐंशी, कधी गप्पच. दुसऱ्या गटांत फरक पडला नसता, कारण त्यांना ऐकू येतच होतं. पण या सहा जणांत बाबांसारखे आणखी किती होते? कुणाची आजी, कुणाचे सासरे. लेकाच्या, सुनेच्या ऑफिसात आलेले. नाक कापलं जायला नको म्हणून.

घरी आली तेव्हा आई स्वयंपाकघरात भांडी पुसून फळीवर लावत होती. लेक ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, बाबांना कमी ऐकू येत होतं का गं?"

आईने हातातलं पातेलं पुसून झालं तरी पुसणं थांबवलं नाही. "तुला कधी कळलं?"

"त्या दिवशी. गाडीत."

"मग उशिराच कळलं." आईने पातेलं ठेवलं. "मी दाराची बेल बदलली ती कशाला? घोगरी आणली. फोन आला की मी आधी उचलायची. टीव्ही मोठ्याने लावला की शेजारीण म्हणायची, वहिनी, तुम्हाला कमी ऐकू येतं का. मी म्हणायची, हो."

"तू स्वतःवर घेतलंस?"

"त्यात काय. माझ्या कानाने कुठे कुणाचं पोट भरलं."

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"एकदा विषय काढला. दोन दिवस जेवले नाहीत धड. म्हणाले, मिस्त्री बहिरा झाला हे एकाच्या कानावर गेलं की गावाच्या कानावर जातं. गॅरेज विकल्यावर तरी काय, नाव होतंच की मागे." आईने फडकं पिळून दोरीवर टाकलं. "पण तू का विचारतेस आता?"

लेकीने सांगितलं. निकाल, सहापैकी सहा, गोठवणं. तिने सोपं करून सांगितलं, पण आईला सोपं करून सांगायची गरज नव्हती. आईचं वजन त्या गाडीत आधीच बसलेलं होतं.

"म्हणजे तू तिथे सगळ्यांसमोर सांगणार, की ते बहिरे होते."

"तसं नाही."

"मग कसं? आणि खोटं बोलले, असंही सांगणार. तो कानवाला तुमचा, काय त्याचं नाव..."

"कानसेन."

"तो भेटायला आला तेव्हा बाहेरच्या खोलीत बसून म्हणाला, असे कान पाहिले नाहीत. मी रडले तेव्हा." आई स्टुलावर बसली. ती किती लहान झाली होती. आता पिशवीच्या वर राहील की नाही, शंकाच होती. "जिवंतपणी त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. मी कळू दिलं नाही. तू आता दवंडी पिटू नकोस. मेल्यावर तरी माणसाला बहिरं ठरवू नये."

"आई, ज्यांना ऐकू येत नाही ते ही गाडी घेतील. घंटा वाजेल आणि त्यांना कळणार नाही."

"काटा बघतील. ते नाही का बघायचे?"

"सगळे नाही बघत. म्हणून तर घंटा असते."

आई स्टुलावरून उठली. चहा टाकला, दोन कप भरले. एक लेकीपुढे ठेवला. तिचा निकाल बदलला नव्हता हे तिच्या कप ठेवण्यावरून कळत होतं.

*

बैठकीची खोली काचेची होती. टेबलाभोवती विभागाचे साहेब, विक्रीच्या मॅडम, कानसेन आणि ती. साहेब चांगले होते, पण दमलेले होते. त्यांच्या डोक्यावर तीन गाड्या होत्या आणि तिन्ही उशिरा धावत होत्या. त्यांनी आधी तिची विचारपूस केली, मग घड्याळाकडे बघितलं.

मॅडमनी निकाल वाचला. "सगळ्या गटांत पास. मऊ आहे, कुणाला टोचत नाही, वायरी कापल्या जाणार नाहीत. माझ्या मते आज गोठवू या."

"मला पद्धतीबद्दल बोलायचंय," ती म्हणाली.

साहेबांनी सुस्कारा सोडला. "बोल, घंटाबाई."

तिने सांगितलं. घंटा दर वेळी ऐंशीलाच वाजत होती. काटा उघडा होता. ऐकू न येणारा माणूसही काटा बघून बोट वर करू शकतो. आकडा बदलता ठेवून सत्तरीच्या पुढच्या गटाची चाचणी पुन्हा घ्यावी. आवाजाची पट्टी खाली आणावी, जाड करावी. उतारवयात कान जातात ते उंच पट्टीवरच. जाड म्हणजे कर्कश नव्हे. आणि सूचना मऊच हवी असेल तर नाद मऊ ठेवा, पण वेगाबरोबर आवाज वाढवा, कारण ऐंशीला चाकांचाच आवाज तिला गिळतो.

कानसेन म्हणाला, "मुद्दा बरोबर आहे. मला सुचायला हवं होतं."

"मुद्दा पुस्तकात बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज मवाळ होता. तिच्या घरी काय झालं ते त्यांना माहीत होतं. "काटा बघून कुणी बोट वर करू शकतं. करू शकतं आणि केलं यात फरक आहे ना? ही आपलीच माणसं होती. कुणाची आई, कुणाचे वडील. ती कशाला लबाडी करतील?"

"लबाडी नव्हे," ती म्हणाली आणि थांबली.

साहेबांनी टेबलावर पेन टेकवलं. "हे बघ. चाचणी पुन्हा घ्यायची म्हणजे धावपट्टी पुन्हा मागायची, सहा म्हातारी माणसं पुन्हा गोळा करायची, कारखान्याला थांबा म्हणायचं. मी भांडेन त्यासाठी, पण माझ्या हातात काहीतरी दे. असं होऊ शकतं, एवढ्यावर वरचे लोक मला खोलीबाहेर काढतील. या सहा जणांत कुणाला खरोखर ऐकू आलं नाही, असं काही आहे का? एक तरी?"

कानसेनने मांडीवरच्या संगणकात डोकं घातलं. तो सहाही फेऱ्या पुन्हा बघत असणार. त्यात वेगाचे आकडे आणि पहिल्या बोटाच्या खुणा होत्या, आणि खुणा सगळ्या जागच्या जागी होत्या. दुसऱ्या बोटाची खूण कुणी केलीच नव्हती.

ती खाली हातांकडे बघत होती. आता गप्प बसलं तर काय होईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. काहीच होणार नाही. घंटा गोठेल. बाबा जसे होते तसे राहतील, गावाच्या तोंडी, आईच्या खोलीत, कानसेनच्या मनात. आणि एखाद्या मोकळ्या रस्त्यावर कुणाचे तरी बाबा, इस्त्रीचा शर्ट घातलेले, नातवंडांशी बोलत, काट्याकडे न बघता जात असतील.

तिला आईचा कप ठेवण्याचा आवाज आठवला. घरी जाऊन आईला सांगावं लागेल, आणि आई कदाचित काही दिवस बोलणार नाही. तेही करावं लागणारच होतं.

"एक आहे," ती म्हणाली.

साहेबांनी मान वर केली.

"पहिल्या ठोक्यानंतर वळण होतं. वेग अठ्ठ्याहत्तरला उतरला आणि पुन्हा एक्क्याऐंशीला गेला. सत्त्याहत्तरच्या खाली गेल्याशिवाय घंटा पुन्हा वाजत नाही. मिनिट झालं नव्हतं, म्हणून मिनिटाचीही वाजली नाही. गाडीत आवाजच नव्हता. तरी बोट वर झालं."

कानसेनच्या बोटांची हालचाल थांबली. वळण, अठ्ठ्याहत्तर, एक्क्याऐंशी. त्याने ती फेरी समोर आणली होती. त्याने पडद्यावरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं, त्याला कुणाची फेरी ते कळलंय. त्याने हलकेच मान हलवली. नको सांगूस, असं म्हणणारी ती मान होती. तो भला माणूस होता.

"कोण होतं?" साहेबांनी विचारलं. मग ते स्वतःच अडखळले. "म्हणजे, नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. पण खात्री आहे का? कदाचित चुकून हात हलला असेल. म्हातारं माणूस."

"चुकून नाही."

"तुला कसं ठाऊक?"

मॅडमनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. तिने तो घेतला नाही. आवाज जाड आणि स्वच्छ निघावा, समोरच्याला तिच्या तोंडाकडे बघायची गरज पडू नये, एवढंच तिला हवं होतं.

"ते माझे वडील होते," ती म्हणाली. "माझ्या वडिलांना ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी मला ते कळलं, आणि मी त्यांना तसं म्हटलं नाही."